मले, मला आणि ‘म्न्ये’

शाळेत मराठीच्या तासाला विभक्ती पाठ केल्याचे कुणाला आठवत नाही? प्रथमेला प्रत्यय नाही, द्वितीया स, ला, ते, तृतीया ने, ए, शी... असे म्हणत ‘संबोधन नो’पर्यंत पोचायचे आणि सुटलो म्हणून पाटी ठेवायची. ही माळ कशासाठी जपायची, हे तेव्हा कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मराठी तर आपल्याला येतच होती. तिचा उपयोग पुढे कधी होईल, तोही रशियन शिकताना, असे कुणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

मी नोकरीनिमित्त भिलाईत होतो. तिथला पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला होता. त्याचा करार १९५५ सालचा. मी गेलो तेव्हाही काही सोव्हिएत इंजिनियर तिथे येऊन-जाऊन असत. त्यांच्याशी चार वाक्ये बोलता यावीत म्हणून मी संध्याकाळच्या वर्गाला बसू लागलो आणि हळूहळू रशियन वाचण्याइतकी आली. निवृत्तीनंतर वर्ध्याला घर केले. भाषा कपाटातच पडून होती. मागच्या वर्षी शेजारची मुलगी वही घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा ती बाहेर निघाली.

मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघाली होती. वर्ध्याच्या माणसाने तिकडे जाणे तसे नवे नाही. आपल्याच गावचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२१ साली मॉस्कोला जाऊन आले होते. पण त्यांच्या आणि हिच्या जाण्यात फरक होता. परदेशी घेतलेली वैद्यकीय पदवी आपल्याकडे ग्राह्य धरायची तर तिथले शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले हवे, असा आपल्या वैद्यक आयोगाचा २०२१ चा नियम आहे. त्यामुळे पुस्तके इंग्रजी आणि व्याख्याने इंग्रजी. पण रुग्णालयातल्या खाटेवरची म्हातारी इंग्रजी बोलत नाही. ती रशियनच बोलते. तिचे दुखणे समजून घ्यायचे तर रशियनला पर्याय नाही.

“काका, सहा विभक्त्या आहेत म्हणतात. प्रत्येक शब्दाची बारा-बारा रूपं! हे कसं व्हायचं?” असे म्हणून तिने इंग्रजीतून छापलेला एक तक्ता पुढे केला. तक्ता बरोबर होता. पण इंग्रजीला स्वतःलाच विभक्तीचे फारसे वळण उरलेले नाही. त्यामुळे त्या भाषेतून विभक्ती समजावताना प्रत्येक गोष्ट शून्यापासून सांगावी लागते. मराठी मुलीला शून्यापासून सांगण्याची गरजच नव्हती. मी तक्ता बाजूला ठेवला आणि तिला म्हटले, आधी आपल्या गावाचे नाव चालव.

वर्धेला पूर, वर्ध्याला बाजार

तिने चालवले. वर्धा, वर्ध्याला, वर्ध्याने, वर्ध्याहून, वर्ध्याचा, वर्ध्यात. मी विचारले, नदीला पूर आला तर काय म्हणशील? “वर्धेला पूर आला,” ती चटकन बोलली आणि मग स्वतःच थांबली. नाव एकच, पण गावाचे होते ‘वर्ध्या’ आणि नदीचे होते ‘वर्धे’. गावाच्या नावाचे रूप आपण ‘घोडा-घोड्या’प्रमाणे करतो, तर नदी स्त्रीलिंगी म्हणून ‘माला-माले’च्या वळणाने जाते. वर्तमानपत्रात गावालाही ‘वर्धेत’ लिहिलेले आढळते, पण बोलताना आपल्या तोंडी ‘वर्ध्यात’ येते.

प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाच्या अंगात होणाऱ्या या बदलाला आपण सामान्यरूप म्हणतो. रशियनच्या दृष्टीने मराठीतली सर्वांत उपयोगाची गोष्ट कोणती असेल तर ही. शब्दाचे मूळ रूप वेगळे, वाक्यात कामाला लागलेले रूप वेगळे, आणि ते कसे बदलणार हे लिंग व शेवटचा स्वर यांवर ठरणार, हा नियम आपल्या हाडात भिनलेला आहे. रशियनमध्ये नेमके हेच चालते.

आता तेच नाव रशियनमध्ये पाहू. त्या भाषेत ‘ध’ नाही, म्हणून नकाशावर द आणि ख अशी दोन अक्षरे लिहितात आणि आपले गाव ‘वार्दखा’ होते. (मी इथे रशियन शब्द अक्षरांप्रमाणे लिहीत आहे. प्रत्यक्ष उच्चारात आघात नसलेला ‘ओ’ बराचसा ‘अ’सारखा ऐकू येतो.) शेवटी ‘आ’ आहे, म्हणून रशियन माणूस ते नाव न विचारताच स्त्रीलिंगी धरतो आणि आपल्या नदीसारखे चालवतो. वर्ध्याहून म्हणजे ‘ईझ वार्दखी’. वर्ध्याकडे म्हणजे ‘क वार्दखे’. वर्ध्याला जायचे तर ‘व वार्दखू’. वर्ध्याशेजारी म्हणजे ‘र्यादोम स वार्दखोय’. वर्ध्याविषयी म्हणजे ‘ओ वार्दखे’.

या पाच शब्दसमूहांकडे नीट पाहिले की दोन भाषांमधला फरक उलगडतो. मराठीत ‘वर्ध्या’ हे सामान्यरूप एकदा तयार झाले की काम संपले. त्यापुढे हून लावा, कडे लावा, जवळ लावा, विषयी लावा, ‘वर्ध्या’ हलत नाही. एकाच खुंटीला वेगवेगळे सदरे अडकवावेत तसे हे आहे. अर्थ सांगण्याचे सगळे काम मागून येणारा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय करते. रशियनमध्ये शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे नाही, पुढे येते आणि प्रत्येक अव्ययाचा हट्ट वेगळा असतो. ‘ईझ’ला एक रूप हवे, ‘क’ला दुसरे आणि ‘स’ला तिसरे. मराठीत खुंटी एक, तिकडे निरनिराळ्या चार. शिकण्याचे कष्ट वाढतात ते इथे.

म्हणून मी तिला सांगितले की अव्यय सुटे पाठ करायचे नाही. ‘ईझ म्हणजे हून’ असे वहीत लिहिले की घात झाला. ‘ईझ वार्दखी, वर्ध्याहून’ असे जोडीनेच लिहायचे. सेवाग्रामचे नाव व्यंजनान्त, म्हणून तिकडे पुल्लिंगी. त्याचे ‘ईझ सेवाग्रामा’ होते. आर्वीचे नाव ‘ई’कारान्त आणि परके, त्यामुळे ते बदलतच नाही. ‘ईझ आर्वी’ म्हटले की झाले. तिचे आजोळ आर्वीचे. ती म्हणाली, “आजोळचं गाव तरी साधं निघालं!”

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवायला हवी. मराठीत ‘तो दवाखान्यात आहे’ आणि ‘तो दवाखान्यात गेला’ ही दोन्ही वाक्ये एकाच ‘त’वर भागतात. असणे की जाणे, ते क्रियापद सांगते. रशियनला तेवढ्यावर समाधान नाही. वर्ध्यात असणे म्हणजे ‘व वार्दखे’ आणि वर्ध्यात जाणे म्हणजे ‘व वार्दखू’. अव्यय तेच, पण नामाचा शेवट बदलला. मराठी माणूस इथे हमखास चुकतो, कारण आपला ‘त’ दोन्हीकडे चालतो. चूक झाली का, हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. वाक्याला ‘कुठे आहे?’ विचारावे की ‘कुठवर पोचायचे?’ विचारावे, एवढे ठरवले की रूप आपोआप ठरते.

आजीची थंडी

धडे चालू असताना तिची आजी माझ्या घरी येऊन बसत असे. माघातली संध्याकाळ होती. आजी नातीला म्हणाली, “मले थंडी वाजून रायली, पोरी. थे शाल दे.”

मी त्या दिवशीचा धडा तिथेच धरला. आजी ‘मले’ म्हणते, शाळेतले पुस्तक ‘मला’ म्हणते. वऱ्हाडीत ले, पुस्तकात ला. प्रत्यय वेगळा, पण विभक्ती एकच आहे. विभक्ती ही अर्थाची जागा आहे, प्रत्यय हे त्या जागेवरचे पागोटे. पागोटे गावागणिक बदलते. रशियन माणूस याच जागी ‘म्न्ये’ म्हणतो. ‘म्न्ये खोलोद्नो’ म्हणजे ‘मला थंडी वाजते’. शब्दशः पाहिले तर ‘मला थंड’. इंग्रजीत थंडी वाजणारा माणूस कर्ता होतो, ‘मी थंड आहे’ असा. मराठी आणि रशियन या दोन्ही भाषा म्हणतात की थंडी मी करत नाही, ती मला होते. आवडणेही तसेच. ‘मला आवडते’ हे ‘म्न्ये न्राविच्स्या’ असे होते आणि आवडणारी वस्तू दोन्हीकडे प्रथमेत राहते. मुलीला अठरा वर्षे पूर्ण झाली होती. रशियनमध्ये ती ‘मला अठरा वर्षे’ असेच सांगणार. ‘मला जायला हवे’ याला ‘म्न्ये नादो इद्ती’.

हा योगायोग नाही. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या आहेत. संस्कृतातला ‘मह्यम्’, आपला ‘मला’ आणि त्यांचा ‘म्न्ये’ यांतला ‘म’ एकाच वडिलोपार्जित घरातला. विभक्तीचे नावही पाहण्याजोगे आहे. ज्याला द्यायचे त्याची ही विभक्ती, म्हणून आपण तिच्या अर्थाला संप्रदान म्हणतो. रशियन तिला ‘दातेल्नी’ म्हणतात. त्यात ‘दात्’, म्हणजे देणे, हाच धातू आहे. आपल्या ‘दान’ आणि ‘दाता’ या शब्दांतला ‘दा’ तिथे सरळ समोर येतो.

पण ‘मला’ सगळीकडे चालेल असे धरून पुढे गेले की दुसऱ्याच दिवशी ठेच लागते. मुलगी उत्साहाने वाक्ये करू लागली. ‘मला ताप आहे’ याचे तिने ‘म्न्ये तेंपेरातूरा’ केले आणि ‘मला दोन भाऊ आहेत’ याचेही तसेच. दोन्ही चूक. मराठीतल्या ‘मला’च्या पोटात दोन वेगळी कामे आहेत. मनाला किंवा अंगाला काही जाणवणे हे एक आणि आपल्यापाशी काही असणे हे दुसरे. रशियन भाषा ही कामे वेगळी करते. जाणवण्याला ‘म्न्ये’. असण्याला ‘ऊ मेन्या’, म्हणजे साधारण ‘माझ्यापाशी’. भाऊ माझ्यापाशी, पुस्तक माझ्यापाशी आणि तापही माझ्यापाशीच. दुखणारे डोकेही तिथेच जाते. आपण ‘माझे डोके दुखते’ म्हणतो, ते म्हणतात ‘ऊ मेन्या बोलीत गोलोवा’, माझ्यापाशी डोके दुखते.

डॉक्टरला हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा लागणार. “तुमचे डोके दुखते का?” हे ‘ऊ वास बोलीत गोलोवा?’ असे विचारायचे. मग डोक्याच्या जागी पोट, गुडघा, कान घालत जायचे. खूण म्हणून मी तिला सांगितले की जिथे मराठीत ‘माझ्यापाशी’ किंवा ‘माझ्याकडे’ म्हटले तरी अर्थ तुटत नाही, तिथे ‘ऊ मेन्या’. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ हे कानाला विचित्र लागते, पण अर्थ कळतो. ‘माझ्याकडे थंडी वाजते’ याला मात्र काही अर्थच नाही. तिथे ‘म्न्ये’. खूण अगदी चोख नाही, पण पहिले वर्ष निभावून नेते.

‘मुलाने’चा फास

रशियनची तृतीया आपल्या ‘ने’सारखीच वाटते. चाकू म्हणजे ‘नोझ’, चाकूने म्हणजे ‘नोझोम’. पुढे अव्यय नको, काही नको. इंग्रजीतून शिकणारे ‘विथ’च्या सवयीने पुढे ‘स’ लावतात. ‘स नोझोम’ म्हटले की अर्थ होतो चाकू बरोबर घेऊन. पाव चाकूने कापणे आणि चाकू घेऊन पावाजवळ उभे राहणे, यातला फरक मराठी मुलीला शिकवावा लागत नाही. ‘चाकूने’ आणि ‘चाकूसह’ हे तिच्याकडे आधीपासून वेगळे आहेत.

फास दुसरीकडे आहे. तिने लिहिले, ‘माल्चिकोम प्रोचिताल क्नीगू’. तिला म्हणायचे होते, ‘मुलाने पुस्तक वाचले’. माल्चिक म्हणजे मुलगा, मुलाने म्हणजे माल्चिकोम. तर्क बिनचूक, पण वाक्य चुकीचे. रशियनमध्ये वाचणारा मुलगा वर्तमानकाळात प्रथमेत असतो, तसाच भूतकाळातही प्रथमेतच राहतो. ‘माल्चिक प्रोचिताल क्नीगू’, जणू ‘मुलगा वाचला पुस्तकाला’. मराठीत मात्र भूतकाळ आला आणि क्रियापद सकर्मक असले की कर्त्याला ‘ने’ चिकटतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाते. मुलाने पुस्तक वाचले, मुलाने पोथी वाचली. मुलगा मुलगाच राहिला, पण क्रियापदाने पोथीचे लिंग घेतले.

मराठीने असे का केले? संस्कृतात ‘बालकेन पुस्तकं पठितम्’ अशी कर्मणी रचना होती. ‘बालकाकडून पुस्तक वाचले गेले.’ मराठीचा भूतकाळ अशाच रचनेतून आला. त्यातला ‘गेले’चा अर्थ झिजून गेला, पण ‘ने’ मागे उरला. गंमत अशी की रशियनमध्येही मूळ कर्मणी रचना शाबूत आहे. ‘क्नीगा प्रोचिताना माल्चिकोम’, पुस्तक मुलाकडून वाचलेले आहे. तिथे ‘माल्चिकोम’ अगदी योग्य ठरतो. म्हणजे तिचे वाक्य निव्वळ चूक नव्हते. ते अर्धे एका रचनेत होते आणि अर्धे दुसरीत.

अकर्मक क्रियापदाला मात्र दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. आपण ‘तो गेला, ती गेली’ म्हणतो, तेही भूतकाळात क्रियापदाला कर्त्याचे लिंग देतात. उपाय असा की रशियन भूतकाळ करताना मनातले मराठी वाक्य ‘गेला’च्या साच्यात घालावे. ‘मुलीने वाचले’ न म्हणता ‘मुलगी वाचली’ असे वेड्यासारखे म्हणून पाहावे. मराठीत त्याचा अर्थ मुलगी संकटातून बचावली असा होईल, पण रशियन रूप बरोबर निघेल. ‘देवोच्का प्रोचिताला.’ या युक्तीवर आजी मनापासून हसली.

जिवंत कोण, निर्जीव कोण

‘मी दगड पाहिला’ आणि ‘मी मुलाला पाहिले’. पहिल्यात कर्माला प्रत्यय नाही, दुसऱ्यात ‘ला’ आहे. ‘मी मुलगा पाहिला’ असे आपण म्हणतो ते लग्न जुळवताना. तेव्हा मुलगा हा स्थळ असतो, ओळखीचा कुणी माणूस नसतो. माणूस कर्म झाला की ‘ला’ लावायचा आणि निर्जीव वस्तूला लावायची गरज नाही, हे कुणी न शिकवता मराठी मूल शिकते. परभाषकाला मात्र हे समजावताना घाम फुटतो.

रशियनमध्ये हाच विचार नियमाच्या रूपाने बसला आहे. स्तोल म्हणजे टेबल. ‘मी टेबल पाहतो’ याला ‘वीझू स्तोल’, बदल काही नाही. स्तुदेंत म्हणजे विद्यार्थी. ‘वीझू स्तुदेंता’, इथे शेवटी ‘आ’ लागला. सजीव असेल तर द्वितीया षष्ठीचे रूप उसने घेते, निर्जीव असेल तर प्रथमेचे. एकवचनात हा भेद टेबल आणि विद्यार्थी यांसारख्या व्यंजनान्त पुल्लिंगी शब्दांपुरता आहे. वर्ध्यासारख्या ‘आ’कारान्त स्त्रीलिंगी नामाला ‘वार्दखू’ असे स्वतःचे रूप असतेच. अनेकवचनात मात्र तिन्ही लिंगांना भेद पाळावा लागतो.

आपल्याकडे हा भेद सैल आहे. ‘बैल विकला’ म्हणतो आणि ‘बैलाला हाकलले’ही म्हणतो. रशियनमध्ये तो व्याकरणाचा कायदा आहे आणि कायद्याला स्वतःचे तर्कट असते. प्रेतासाठी तिकडे दोन शब्द आहेत. ‘मेर्त्वेत्स’ म्हणजे मेलेला माणूस. तो व्याकरणात सजीव, ‘वीझू मेर्त्वेत्सा’. ‘त्रूप’ म्हणजे शव. ते निर्जीव, ‘वीझू त्रूप’. एकात अजून माणूस दिसतो, दुसऱ्यात फक्त देह. पहिल्याच वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या मुलीला हे सांगताना मी जरा चाचरलो. तिने मात्र शांतपणे वहीत लिहून घेतले.

नाही आणि पाच

शेवटची अडचण षष्ठीची. आपली षष्ठी ‘चा, ची, चे’ अशी पुढच्या शब्दाप्रमाणे रंग बदलते. रशियन षष्ठी तसे करत नाही आणि ती मागाहून येते. ‘वर्ध्याचे रस्ते’ हे तिकडे ‘रस्ते वर्ध्याचे’ या क्रमाने येते आणि ‘वार्दखी’ हे रूप रस्ता असो, गल्ली असो, बदलत नाही. इथवर काम हलके झाले.

पण त्या षष्ठीचा पसारा आपल्यापेक्षा मोठा आहे. मघाचे ‘ईझ वार्दखी’ आठवा. ‘हून’साठी रशियनमध्ये वेगळी पंचमी उरली नाही, ते काम षष्ठीने घेतले. संस्कृत शिकलेल्यांना हे नवल वाटू नये, कारण ‘नद्याः’ हे रूप नदीपासूनही असते आणि नदीचेही. त्यापुढे, काही नसले तरी षष्ठी लागते. आपण ‘ताप आहे’ आणि ‘ताप नाही’ म्हणतो, ताप तोच राहतो. रशियनमध्ये ताप नसला की ‘न्येत तेंपेरातूरी’, म्हणजे ‘तापाचे नाही’ असे. ‘न्येत’ कानावर पडला की पुढच्या शब्दाचा शेवट बदललेला असणारच, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते.

मोजणीतही तीच. गोळी म्हणजे ‘ताब्लेत्का’. दोन गोळ्यांना ‘द्वे ताब्लेत्की’ आणि पाचांना ‘प्यात ताब्लेतोक’. मराठीत दोन गोळ्या काय आणि पाच गोळ्या काय, ‘गोळ्या’च. तिकडे दोन, तीन, चार यांच्यापुढे षष्ठीचे एकवचन येते आणि पाचापासून पुढे षष्ठीचे अनेकवचन. कारण जुने आहे. दोनाला पूर्वी संस्कृतासारखे द्विवचन होते. ते मोडले आणि त्याच्या जागी हे रूप राहिले. पाच, सहा, सात हे शब्द मात्र मुळात नामासारखे वागत, म्हणून ‘गोळ्यांचे पंचक’ असा थाट झाला. आपणही ‘आंब्यांची पेटी’ म्हणतोच की. एकवीस म्हटले की पुन्हा शेवटी एक आला, म्हणून शब्द एकवचनी प्रथमेत परततो. औषधाची चिठ्ठी समजावणाऱ्याला हे टाळता येत नाही. शेवट चुकला तरी म्हातारीला कळेल, पण ती आकडा पुन्हा विचारील आणि मग आपणच गोंधळू.

विभक्तीच्या या माळेतला एक मणी रशियनने गमावला, तो आपल्याकडे शाबूत आहे. आपण ‘मुलांनो’ म्हणून हाक मारतो. जुन्या रशियनमध्येही संबोधनाचे वेगळे रूप होते, म्हणजे विभक्त्या सात होत्या. आता ते मुख्यतः देवाला हाक मारण्यापुरते उरले आहे. देव म्हणजे ‘बोग’ आणि ‘देवा!’ म्हणजे ‘बोझे!’ माणसांना मात्र ते सहसा प्रथमेतच हाका मारतात.

मुलगी भाद्रपदात गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी पाया पडायला आली तेव्हा आजीने मला विचारले, “हे पोरगी डॉक्टर होईन, असं तिकडच्या बोलीत कसं म्हन्तेत जी?” मी सांगितले, ‘ओना बूदेत व्राचोम’. आजीला अर्थातच कळले नाही. नातीला मात्र कळले. व्राच म्हणजे डॉक्टर आणि हे ‘व्राचोम’ म्हणजे तृतीया, मघाच्या ‘नोझोम’सारखी. आपण ‘ती डॉक्टर होईल’ म्हणतो आणि डॉक्टरला प्रत्यय लावत नाही. रशियन माणूस होण्याच्या वाक्यात ‘ने’चे रूप वापरतो. जे अजून व्हायचे आहे ते त्यांच्या भाषेत तृतीयेत असते. झाल्यावर ‘ती डॉक्टर आहे’ असे सांगायचे तेव्हा शब्द साधा होतो, प्रथमेत येतो. ‘ओना व्राच.’

“म्हणजे काका, सहा वर्षांनी तृतीयेची प्रथमा,” असे म्हणून ती वही बंद करून उठली.